ओट्यावरची सावली

नांदेडच्या पुतणीच्या घराचं काम सध्या चालू आहे. परवा तिचा फोन आला, "काकू, ओट्यावरच्या कपाटांखाली दिवे लावायचेत. तुमच्याकडे छान झालेत म्हणे. काय काय लावलंत ते सांगा ना." फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली, सगळं ब्लॉगवरच लिहून टाका, म्हणजे सुतारालाही वाचून दाखवता येईल. तर मंडळी, आजचा लेख दिव्याखालचा अंधार या विषयावर. म्हण म्हणून नव्हे, अगदी शब्दशः.

आमच्या लहानपणी गावाकडच्या माळवदाच्या घरात स्वयंपाकघर तसं अंधारंच असायचं. पण छतात एक झरोका असे आणि त्यातून उजेडाचा एक खांबच्या खांब खाली उतरायचा. आजी चुलीपुढं पाटावर बसायची, झरोका तिच्या पुढ्यात, वरच्या बाजूला. उजेड थोडा होता, पण तिच्या हातावर तिची स्वतःची सावली कधी पडत नसे. पुढं आपण उभ्यानं स्वयंपाक करायला लागलो. ओटा भिंतीला लागला, आपण भिंतीकडे तोंड केलं आणि उजेड पाठीशी गेला. खिडकी असली तर दिवसा निभावतं. दिवस मावळला की मात्र आपण जन्मभर आपल्याच सावलीत भाजी चिरतो, आणि सवयीमुळे ते लक्षातही येत नाही.

तरुणपणी चालून जातं. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा अजून रांगेत आहे. गेल्या वर्षापासून संध्याकाळी डाळ निवडताना खडा आणि डाळ वेगळी दिसेना. तुरीच्या गावात राहून तूरडाळीतला खडा दिसू नये याचा जरा रागच आला. मुलगा म्हणाला, "आई, आता स्वयंपाकाला बाई लाव." त्याचं म्हणणं काळजीपोटी होतं, पण मला ते पटलं नाही. हात चालतात, चव कळते, फक्त दिसत नाही. मग आधी दिसण्याचं बघू, असं म्हटलं.

इथं डोळ्यांबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली अशी, की साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. म्हणजे आपल्याला उजेड जास्त लागतो. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. भिंग गढूळ होऊ लागलं की डोळ्यात शिरलेला झगझगीत प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि समोरच्या सगळ्यावर पांढुरका पडदा आल्यासारखं होतं. म्हणजे चकाकी मात्र कमी सोसते. उजेड हवा, पण दिवा डोळ्यांत येता कामा नये. नुसता मोठा दिवा लावून हा प्रश्न सुटत नाही, तो का हे यावरून कळेल.

वायरिंगचं काम करणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, लावून टाकू की एक पट्टी. त्यात एवढा काय विचार करायलाव?" मी म्हटलं, आधी टेप आण. शाळेत मी मराठी शिकवलं, पण शिक्षक कमी पडले की सातवी-आठवीचं विज्ञानही माझ्याकडे यायचं. त्यातले दोनच धडे इथं कामाला आले. प्रकाश सरळ रेषेत जातो, हा एक. आरशावर तो ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हा दुसरा.

आमची मापं आधी लिहिते. तुमची वेगळी असतील, पण हिशेब असाच करायचा. ओट्याची उंची तेहतीस इंच, खोली चोवीस इंच. वरची कपाटं भिंतीपासून तेरा इंच पुढं आलेली, म्हणजे ओट्याच्या कडेपासून कपाटाचं तोंड अकरा इंच आत. कपाटाचा तळ ओट्यापासून बावीस इंच वर. माझी उंची पाच फूट, त्यामुळे माझे डोळेही ओट्यापासून बावीस-तेवीस इंच वर येतात. डाव्या हाताला खिडकीखाली सिंक, उजवीकडे चिमणी आणि गॅस, आणि मधे साडेचार फुटांचा ओटा. चिरणं, निवडणं, पोळ्या लाटणं सगळं या मधल्या भागात होतं.

आधी सावलीचं बघू. आमची जुनी ट्यूब ओट्याच्या समोरच्या भिंतीवर होती, म्हणजे माझ्या पाठीमागं सहा फुटांवर आणि जमिनीपासून सात फूट उंच. संध्याकाळी सूर्य खाली गेला की आपली सावली लांब होते ना, तसंच इथं होतं. दिवा जितका खाली आणि जितका मागं, तितकी सावली लांब. माझ्या खांद्यांची सावली ओट्याची चोवीस इंच खोली ओलांडून थेट भिंतीवर चढत असे. पुष्कळजण अशा वेळी ट्यूब काढून छताच्या मधोमध दिवा लावतात. त्यानं सावली आखूड होते, जात नाही. आखूड होऊन ती ओट्याच्या पुढच्या आठ-दहा इंचांत येऊन बसते, कारण तिथं आपण डोकं वाकवून काम करतो. सुरी नेमकी तिथंच असते. म्हणजे खोली उजळते, पण विळीखाली अंधार तसाच. ओट्यावरची सावली जायची असेल तर दिवा आपल्या डोक्याच्या पुढं पाहिजे, आणि आपल्या पुढं आहे कपाटाचा तळ. कपाटाखालच्या दिव्याचं कारण हे एवढंच.

आता कपाटाखाली म्हणजे नेमका कुठं? बरेच सुतार दिवा मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून लावतात. तिथं वायर लपते आणि कामही सोपं पडतं. पण मग दिवा टाइल्स उजळतो, आणि ओट्याची मागची बाजू, जिथं आपण मिठाची बरणी नि तेलाचं भांडं ठेवतो, तीच लखलखते. चिरायची जागा मात्र त्याच्यापासून दीड फूट लांब राहते. शिवाय हातानं पातेलं पुढं ओढलं की पातेल्याची सावली आपल्याकडेच पडते. दिवा कपाटाच्या पुढच्या कडेशी असावा. आम्ही तो कडेच्या एक इंच आत घेतला. म्हणजे ओट्याच्या कडेपासून बारा इंचांवर, बरोब्बर अर्ध्या खोलीवर. तिथून तो सुरीवर जवळजवळ सरळ वरून पडतो.

पुढं लावला की प्रश्न येतो डोळ्यांत घुसण्याचा. उभं राहून काम करताना फारसं जाणवत नाही. त्रास होतो तो बसलेल्या माणसाला. माझ्या जाऊबाई आल्या की अजूनही स्वयंपाकघरात पाट घेऊन विळीवर बसतात, ओट्यापासून चार फुटांवर. त्यांचे डोळे जमिनीपासून जेमतेम तीस इंच. त्या मान वर करून माझ्याशी बोलायला लागल्या की त्यांना सरळ कपाटाचा तळ दिसतो आणि त्याला लावलेला दिवाही. यावर उपाय म्हणजे कपाटाच्या तळाला पुढच्या कडेनं लाकडाची एक उभी पट्टी ठोकायची. छत्रीची झालर असते तशी.

ही झालर किती खाली हवी, याचं गणित सोपं आहे. जाऊबाईंचे डोळे तीस इंचांवर, दिवा पंचावन्न इंचांवर, म्हणजे पंचवीस इंचांचा चढ. आडवं अंतर, चार फूट अधिक बारा इंच धरून साठ इंच. म्हणजे त्यांची नजर दर इंचाला साधारण पाव ते अर्ध्या इंचाच्या मधे, चारदशांश इंच वर चढते. दिवा झालरीच्या एक इंचच मागं असेल तर झालर दिव्याच्या तोंडाखाली अर्धा इंच असली तरी पुरते. आणि तोच दिवा मागं भिंतीशी, अकरा-बारा इंच आत असता, तर झालर जवळपास चार इंच लागली असती! दिवा पुढं घेण्याचा हा दुसरा फायदा. सुताराला हे सांगितल्यावर त्यानं टेप लावून खात्री करून घेतली आणि मग मान हलवली.

झालर फार खोलही नको. दिव्यापासून ओट्याच्या कडेला जाणारी रेषा काढा. बावीस इंच खाली, बारा इंच पुढं. दिव्याच्या एक इंच पुढं झालर असेल आणि ती दिव्याच्या तोंडाखाली पावणेदोन इंचांहून जास्त उतरली, तर ती ओट्याच्या कडेवर सावली पाडू लागते. म्हणजे एका बाजूनं अर्धा इंच, दुसऱ्या बाजूनं पावणेदोन इंच, या दोहोंच्या मधे कुठंही चालेल. आम्ही दीड इंचाची झालर लावली. त्यातला अर्धा इंच दिव्याच्या जाडीत गेला, उरला एक इंच. जाऊबाई पाटावर बसून बोलतात, दिवा दिसत नाही.

इथपर्यंत सावली आणि समोरची चकाकी संपली. खरी गंमत पुढं आहे. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, चांगला पॉलिश केलेला. 2004 साली घर बांधलं तेव्हा सगळ्यांकडे तोच असायचा आणि अजूनही असतो. काळ्या चकचकीत दगडाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. पडलेला बहुतेक उजेड तो गिळून टाकतो. शेकडा चार-पाच भागच वरच्या पॉलिशवरून परततो, पण तो आरशासारखा परततो. पांढऱ्या दगडावरही तेवढाच परततो, मात्र तिथं दगडच इतका उजळलेला असतो की दिव्याचं प्रतिबिंब त्यात बुडून जातं. काळ्यावर ते एकटं उठून दिसतं. रात्री घरात दिवा लावल्यावर खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं आणि दिवसा दिसत नाही, तसाच प्रकार.

हे प्रतिबिंब ओट्यावर कुठं पडणार, तेही आधी कळतं. डोळे ओट्यापासून बावीस इंचांवर, दिवाही बावीस इंचांवर. दोन्ही उंची सारख्या, तर प्रतिबिंब दोहोंच्या बरोब्बर मधे. डोळे ओट्याच्या कडेवर, दिवा कडेपासून बारा इंच आत, म्हणजे प्रतिबिंब सहा इंचांवर. थोडं वाकलं तर सात. ही जागा कोणती, तर जिथं मी चिरते ती! दिवा मागं भिंतीशी लावला तर प्रतिबिंब साडेअकरा इंचांवर जातं, पण ओट्यावरून हटत नाहीच. जागा बदलून हे प्रतिबिंब घालवता येत नाही, फक्त सरकवता येतं. हे एकदा समजलं की पुष्कळ फुकटची धडपड वाचते.

गणित नको असेल त्यांच्यासाठी सोपी युक्ती. हातात मावणारा आरसा ओट्यावर, काम करतो त्या जागी, पालथा नव्हे, तोंड वर करून ठेवा आणि नेहमीसारखं उभं राहा. आरशात जे दिसेल तेच पॉलिशच्या दगडात दिसणार. कपाटाचा तळ दिसतोय ना? मग त्यावर कागदाची एक पांढरी पट्टी चिकटवा आणि पुढंमागं करून बघा. दिवा विकत आणायच्या आधीच सगळं समजतं. ही आरशाची परीक्षा मी वायरिंगवाल्या विद्यार्थ्याकडूनही करून घेतली. तो आरशात बघत म्हणाला, "बाई, आठवीत हे शिकवलं होतं, पण कशाला लागतंय ते आज कळायलंय."

मग दिवा कोणता? बाजारात मिळतात ते दोन प्रकारचे. एक गोल बटणासारखे, दर फुट-दीड फुटावर एक लावतात. दुसरी एलईडीची सलग पट्टी. गोल दिव्यांनी टाइल्सवर कमानी-कमानी पडतात, फोटोत सुंदर दिसतं. पण तीन दिवे म्हणजे सुरीला तीन सावल्या, आणि काळ्या दगडात तीन चांदण्या. सलग पट्टीत एका भागानं पाडलेली हाताची सावली शेजारचा भाग पुसत जातो, त्यामुळे सावली राहते ती अगदी फिकट, मऊ. याचीही परीक्षा आहे. पेन्सिल ओट्यावर उभी धरा. सावल्या मोजा आणि त्यांच्या कडा बघा. एकच, फिकट, कड न कळणारी सावली दिसली तर दिवा चांगला. दोन-तीन ठसठशीत दिसल्या तर डाळीतला खडा तुम्हाला तिथं दिसायचा नाही.

पट्टी नुसती चिकटवून मात्र भागत नाही. उघड्या पट्टीतले ठिपके एक-एक करून काळ्या दगडात दिसतात, मोत्यांची माळ पडल्यासारखे. वाढत्या वयाच्या डोळ्यांना तो प्रत्येक ठिपका टोचतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवायची आणि वर दुधी झाकण लावायचं. पारदर्शक झाकणही मिळतं, ते घेऊ नये. दुधी झाकणात साधारण एक तृतीयांश उजेड जातो, पण उरलेला एकसारखा पसरतो आणि ठिपक्यांची एक मऊ रेघ होते. पन्हळ रुंद घ्यावी, म्हणजे तेवढाच उजेड जास्त जागेतून येतो आणि रेघ कमी झगझगीत दिसते. एका मीटरला एकशेवीस ठिपके असलेली पट्टी घेतली तर दुधी झाकणाआड ते वेगळे ओळखू येत नाहीत. ॲल्युमिनियम पट्टीची उष्णताही ओढून घेतं, त्यामुळे ती टिकते.

आता पन्हळ सपाट, खाली तोंड करून लावायची, की भिंतीकडे तिरकी? तिरकी बसवायची त्रिकोणी पन्हळही मिळते आणि काळ्या ग्रॅनाइटसाठी तीच घ्या असं दुकानदार म्हणाला. पटण्यासारखं होतं, कारण दिव्याचं तोंड भिंतीकडे वळलं की दगडातली रेघ फिकी होते. पण ठोकाठोकी करण्याआधी आम्ही दोन्ही पट्ट्या कागदी चिकटपट्टीनं दोन-दोन रात्री लावून पाहिल्या. तिरक्या पट्टीनं दगडातली रेघ खरंच निवळली, पण ओट्याचा पुढचा निम्मा भागही मंदावला. नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. नातवानं मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप लावलं. ही ॲप नेमकी नसतात, पण दोन आकड्यांची तुलना करायला पुरतात. चिरायच्या जागी, मी समोर उभी असताना, जुन्या ट्यूबनं साठ-सत्तर लक्स, तिरक्या पट्टीनं अडीचशेच्या आत, सपाट पट्टीनं सव्वाचारशेच्या आसपास. स्वयंपाकाच्या ओट्यावर तीनशे ते पाचशे लक्स असावेत असं साधारण मानतात, आणि आपल्या वयाला त्यातला वरचा आकडा. मी सपाट पट्टी ठेवली.

मग त्या रेघेचं काय केलं? सहा इंचांवर पडते ना, तिथं मी चिरायचा फिकट लाकडी पाट कायमचा ठेवला. लाकडाला पॉलिश नाही, त्यामुळे तिथं आरसा उरलाच नाही. डाळ निवडायची तर त्यावरच पांढरं ताट, स्टीलचं नाही. स्टीलच्या ताटात दिवा पुन्हा दिसतो, आणि त्याच्या उभ्या काठावर तर चमकतोच. पोळपाट लाकडीच असतो. ओट्यावर बाकी ठिकाणी रेघ दिसते, पण तिथं मला काही बारीक बघायचं नसतं.

पुतणीचा ओटा अजून कापायचा आहे, तर तिला माझं सांगणं एवढंच, की दिवा निवडायच्या आधी दगड निवड. फिकट रंगाचा घेतला तर निम्मं काम झालं. काळाच हवा असेल तर चकचकीत पॉलिशऐवजी खरबरीत, मॅट केलेला घे. तो पुसायला थोडा जास्त त्रास देतो आणि तेलाचा डाग लवकर दाखवतो, पण रेघ दाखवत नाही. टाइल्सही मॅटच घे. आमच्या चकचकीत टाइलमध्ये, बाहेर जेवणाच्या खुर्चीवर बसलं की झालरीआड लपवलेला दिवा अजून बारीक रेघेसारखा दिसतो. दिवा लपला तरी त्याची सावत्र बहीण भिंतीत उभीच! झालर आणखी खोल केली तर ती जाईल, पण मग ओट्याची कड अंधारात येईल. तेवढं सोसायचं ठरवलं.

बाकीचं थोडक्यात. साडेचार फुटांच्या कपाटाखाली एकशेतीस सेंटीमीटर पट्टी लागली. मीटरला दहा वॅटची, म्हणजे तेरा वॅट झाले. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर वीस वॅटचा घेतला, कारण तो काठोकाठ भरला की तापतो आणि लवकर जातो. तो कपाटाच्या वर, हवेशीर जागी आणि काढता-घालता येईल असा ठेवला, गॅसच्या डोक्यावर नाही. चोवीस व्होल्टची पट्टी घेतली. बारा व्होल्टची पट्टी लांब असली की दुसऱ्या टोकाला उजेड मंद होतो, ते मोठ्या ओट्यांना लक्षात ठेवावं. रंग चार हजार केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर पांढरा. पिवळ्या उजेडात पिवळी डाळ आणि पिवळट खडा एकच दिसतात. पाकिटावर सीआरआय 90 किंवा जास्त लिहिलेलं बघावं, नाहीतर कोथिंबीर शिळी आणि टोमॅटो मातकट दिसतो. ड्रायव्हर हलका असेल तर दिवा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण डोकं दुखतं. दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक, सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर परत करा.

चिमणीपासून पट्टीचं टोक हातभर लांब ठेवलं, तरी फोडणीची वाफ झाकणावर बसतेच. महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं आणि साबणाच्या पाण्यानं झाकण पुसायला लागतं, नाहीतर तेलाचा थर पिवळा होतो आणि उजेड इतका हळूहळू उतरतो की कळतही नाही. म्हणून झाकण सरकवून काढता येईल अशीच पन्हळ घ्या. सिंकवर कपाट नाही, खिडकी आहे, तिथं ही युक्ती चालत नाही. तिथं छतातून, सिंकच्या पुढच्या कडेच्या बरोब्बर वर एक दिवा सोडला. तिथं डोक्याची थोडी सावली राहते, पण भांडी घासायला चालतं.

आणि हो, मोठी ट्यूब बंद करू नका. काळोख्या खोलीत फक्त ओटा उजळला तर ओट्यावरून मान वर केल्यावर डोळ्यांना अंधारी येते, आणि या वयात ती बरी नव्हे. मागं मंद उजेड असू द्यावा.

आता संध्याकाळी सातलाही डाळ निवडून होते. परवा दोन वाट्या डाळीत तीन खडे सापडले. स्वयंपाकाला बाई लावायचा विषय मुलानं पुन्हा काढलेला नाही. डावा डोळा झाला की दिवा थोडा मंद करावा लागेल बहुतेक, म्हणून उजेड कमी-जास्त करायचं बटण आत्ताच बसवून घेतलंय.

तुमच्याकडे ओट्याची मापं वेगळी असतील, कुणाचं कपाट खाली असेल, कुणी घरात उंच असेल. आरसा ठेवून बघा आणि प्रतिबिंब कितव्या इंचावर पडलं ते जरूर कळवा. पाच फूट आठ इंच उंचीच्या सुनेच्या घरी ते कुठं पडतं, याची मला फार उत्सुकता आहे.